बेरीज जुळते, माणसं जुळत नाहीत

एका नागरी सहकारी बँकेत ४०० क्लार्क, १०० अधिकारी आणि ४० शाखा मॅनेजर आहेत. पुढच्या वर्षी बँकेला सगळी मिळून ४५७ माणसं लागतील. नोकरी सोडणारे आणि निवृत्त होणारे वजा केले, तर तेव्हा बँकेत बरोबर ४५७ माणसं उरतील. मग बाहेरून किती भरती करावी?

बँक काल्पनिक आहे, प्रश्न मात्र नेहमीचा. एमबीए, एमपीएम, कामगार कायदे व कामगार कल्याणाची पदविका, यूजीसी-नेट अशा जिथं जिथं मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय आहे, तिथं तो कुठल्या ना कुठल्या रूपात विचारला जातो. 'शून्य' लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. गंमत म्हणजे हे उत्तर चूकही नाही. पण ते बरोबर ठरायचं असेल तर एका वर्षात ४० क्लार्कांना अधिकारी व्हावं लागतं आणि १३ अधिकाऱ्यांना मॅनेजरच्या खुर्चीत बसावं लागतं. खरी परीक्षा आहे ती हे आकडे कुठून आले हे सांगण्याची, आणि त्याहून जास्त, ही ५३ माणसं बँकेत आहेत का हे पाहण्याची.

सुरुवात मागणीपासून करू, म्हणजे पुढच्या वर्षी किती माणसं लागतील इथून. पाठ्यपुस्तकात यासाठी पद्धतींची मोठी जंत्री असते. व्यवस्थापकांचा अंदाज, जुन्या आकड्यांचा कल, गुणोत्तर, प्रतिगमन, कामाच्या भाराचं विश्लेषण आणि डेल्फी. नेटच्या जोड्या लावण्याच्या प्रश्नांत डेल्फीला नेमानं हजेरी असते. अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी ती घडवली. तज्ज्ञ समोरासमोर येत नाहीत. प्रत्येकाचं मत लेखी घेतात, त्याचा गोषवारा सगळ्यांना परत पाठवतात आणि पुन्हा मत मागवतात. असे फेरे मतं जवळ येईपर्यंत चालतात. माणसं एका टेबलाभोवती बसवली की ते तंत्र डेल्फी राहत नाही, 'नॉमिनल ग्रुप' होतं. परीक्षेपुरता हा फरक पक्का ठेवा. आपल्या बँकेला मात्र डेल्फीची गरज नाही. तिचं काम मोजता येतं.

मॅनेजरची मागणी सर्वांत सोपी. आज ४० शाखा आहेत, पाच नव्या उघडायच्या आहेत आणि दर शाखेला एक मॅनेजर लागतो, म्हणजे ४५. अधिकाऱ्यांसाठी गुणोत्तराची पद्धत चालते. दर शाखेला दोन याप्रमाणे ९० आणि मुख्य कार्यालयात २२, एकूण ११२. क्लार्कांच्या बाबतीत मात्र गुणोत्तर फसवतं, कारण शाखा वाढत असताना काउंटरवरचं काम घटतं आहे. लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, पासबुक यंत्रावर छापून घेतात. म्हणून इथं कामाचा भार मोजावा लागतो.

काउंटरवरचे व्यवहार वर्षाला ६० लाखांवरून ४५ लाखांवर येतील असं धरू. एका वर्षात एवढी घट जरा जास्त आहे, पण प्रश्नपत्रिकेत चालून जाते. प्रत्येक व्यवहाराला त्याच्या कागदपत्रांसह सरासरी ६ मिनिटं लागतात. ४५ लाख गुणिले ६ म्हणजे २ कोटी ७० लाख मिनिटं, अर्थात साडेचार लाख तास. आता प्रश्न उरतो तो एक क्लार्क वर्षाला किती तास काम देतो याचा, आणि बहुतेकांचं गणित इथंच घसरतं.

घाईत असलेला विद्यार्थी ३६५ मधून ५२ रविवार वजा करतो, उरलेल्या ३१३ दिवसांना सात तासांनी गुणतो आणि २,१९१ तास काढतो. साडेचार लाखांना त्यानं भागलं की साधारण २०५ क्लार्क पुरतात असं उत्तर येतं. पण बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. ते २४ दिवस गेले. सणावारांचे १५ धरू. क्लार्कची स्वतःची रजा, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून आणखी २४. उरले २५० दिवस. त्यातही सातच्या सात तास काउंटरवरचं काम होत नाही. रोख जुळवणं, जेवण, यंत्रणा बंद पडणं यात तासभर जातो. ६ तास धरले की २५० गुणिले ६ म्हणजे १,५०० तास होतात, आणि साडेचार लाख भागिले १,५०० म्हणजे ३०० क्लार्क. २०५ आणि ३०० यांच्यामध्ये पडलेले ९५ क्लार्क केवळ सुट्ट्या आणि वाया जाणारा वेळ न मोजल्यामुळे नाहीसे झाले होते.

भागाकाराच्या खालचा हा आकडा, म्हणजे एक माणूस वर्षभरात प्रत्यक्ष किती काम देऊ शकतो, हा मागणीच्या अंदाजातला सर्वांत नाजूक भाग आहे. वरचं काम तेवढंच राहिलं आणि खालचा आकडा बदलला तरी माणसांची गरज उडी घेते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं ठप्प झाली, तेव्हा देशानं हे पाहिलं. वैमानिकांच्या ड्यूटीच्या वेळेचे नवे नियम विमान वाहतूक महासंचालनालयानं जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. ते दोन टप्प्यांत लागू झाले आणि दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून आला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. एका वैमानिकानं रात्री किती वेळा विमान उतरवावं याची मर्यादा सहावरून दोनवर आली. विमानं तीच आणि वेळापत्रक भरगच्च, पण एका वैमानिकाकडून कायद्यानं घेता येणारं काम कमी झालं. ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवरही प्रवासी अडकून पडले. नियोजनात त्रुटी राहिल्याचं कंपनीनं कबूल केलं आणि नियामकाला काही नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. मागणीचा अंदाज म्हणजे धंदा किती वाढेल याचा अंदाज, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण उत्तरात जरूर लिहावं. इथं अंदाज चुकला तो धंदा अचानक वाढल्यामुळे नव्हे. दरमाणशी कामाचा आकडा बदलणार हे दीड वर्षांहून अधिक काळ आधी छापून आलं होतं.

बँकेकडे परत येऊ. मागणी ठरली. क्लार्क ३००, अधिकारी ११२, मॅनेजर ४५. बेरीज ४५७.

आता पुरवठा. याचे दोन भाग असतात, बाहेरचा आणि आतला. बाहेरचा म्हणजे बाजारात मिळणारी माणसं. परीक्षेत त्यावर चार ओळी पुरतात. गुण असतात ते आतल्या पुरवठ्याला, आणि त्यासाठी नेहमीचं हत्यार म्हणजे मार्कोव्ह विश्लेषण. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेली ही कल्पना पुढं ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी नोकरवर्गाला लावली. डेव्हिड बार्थोलोम्यू हे त्यांतलं महत्त्वाचं नाव. कल्पना साधी आहे. गेल्या काही वर्षांच्या नोंदी पाहायच्या आणि एका पदावरच्या शंभरातले किती जण वर्षानंतर त्याच पदावर होते, किती वर गेले आणि किती बाहेर पडले ते काढायचं. पुढच्या वर्षीही साधारण तसंच होईल असं धरायचं. आपल्या बँकेचा तक्ता असा आहे:

| आजचं पद (संख्या) | क्लार्क | अधिकारी | मॅनेजर | बाहेर |
|---|---|---|---|---|
| क्लार्क (४००) | ०.८० | ०.०५ | – | ०.१५ |
| अधिकारी (१००) | – | ०.७५ | ०.१० | ०.१५ |
| मॅनेजर (४०) | – | – | ०.८० | ०.२० |

हा तक्ता दोन दिशांनी वाचायचा असतो आणि दिशा चुकली की सगळंच चुकतं. आडवी ओळ सांगते आजची माणसं कुठं जाणार. म्हणून प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज १ यायलाच हवी. ती येत नसेल तर प्रश्नात 'बाहेर'चा रकाना दिलेला नाही असं समजून तो आपण भरायचा. उभा रकाना सांगतो उद्याची माणसं कुठून येणार. उत्तर उभ्या रकान्यात असतं.

प्रत्येक ओळ तिच्या संख्येनं गुणू. ४०० क्लार्कांपैकी ३२० क्लार्कच राहतील, २० अधिकारी होतील, ६० सोडून जातील. १०० अधिकाऱ्यांपैकी ७५ तिथंच राहतील, १० मॅनेजर होतील, १५ जातील. ४० मॅनेजरांपैकी ३२ राहतील, ८ जातील. आता उभी बेरीज. क्लार्क ३२०. अधिकारी २० अधिक ७५, म्हणजे ९५. मॅनेजर १० अधिक ३२, म्हणजे ४२. एकूण ४५७. पडताळा म्हणून बाहेर गेलेले ८३ जण ५४० मधून वजा करा, तेही ४५७ येतात.

मागणी ४५७, पुरवठा ४५७. फरक शून्य. पण पदांनुसार पाहिलं तर क्लार्क २० जास्त आहेत, अधिकारी १७ कमी आणि मॅनेजर ३ कमी. एका बाजूचं २० आणि दुसऱ्या बाजूचं १७ अधिक ३ एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून बेरजेत काहीच दिसत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत एकूण संख्येची एकच ओळ वाचून दाखवली जाते, तेव्हा हेच होतं. 'नोकरवर्ग पुरेसा आहे' असं इतिवृत्तात जातं आणि पाच नव्या शाखांपैकी तीन मॅनेजरविना उघडतात.

सोपा उपाय सुचतो तो जास्तीच्या २० क्लार्कांतून १७ जणांना अधिकारी करण्याचा. पण मॅनेजरही तीन कमी आहेत. ते अधिकाऱ्यांतून घ्यायचे तर अधिकारी आणखी तीननं कमी होतात. म्हणजे क्लार्कांतून १७ नव्हे, २० वर न्यायला हवेत. ३२० वजा २० म्हणजे ३००. क्लार्क जुळले, अधिकारी जुळले, मॅनेजर जुळले. नेहमीचे २० आणि हे जादा २० मिळून ४० क्लार्कांना बढती, नेहमीचे १० आणि जादा ३ मिळून १३ अधिकाऱ्यांना बढती, बाहेरून भरती शून्य.

हेच गणित वरून खाली केलं तर जास्त स्वच्छ होतं. प्रश्नात तसं स्पष्ट बंधन नसेल तर मी विद्यार्थ्यांना हाच रस्ता धरायला सांगेन. मॅनेजर ४५ हवेत, ३२ राहतात, म्हणून १३ जागा रिकाम्या. त्या भरायला १३ अधिकारी वर गेले आणि १५ बाहेर गेले, तर १०० पैकी ७२ उरले. हवेत ११२, म्हणजे ४० जागा रिकाम्या. त्या भरायला ४० क्लार्क वर गेले, ६० बाहेर गेले, ३०० उरले. हवेत ३००. वरची एक जागा रिकामी होते, ती भरताना खाली दुसरी रिकामी होते, मग तिसरी. हॅरिसन व्हाइट या समाजशास्त्रज्ञानं १९७० मध्ये अमेरिकी चर्चमधल्या धर्मगुरूंच्या नेमणुकांवर अभ्यास करून या साखळीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

दोन्ही रस्त्यांनी आकडा तोच आला, पण गृहीतकं वेगळी आहेत. मार्कोव्हच्या तक्त्यात माणसं खालून ढकलली जातात. दरवर्षी पाच टक्के क्लार्क अधिकारी होतात, जागा असो वा नसो. साखळीच्या पद्धतीत जागा माणसाला वर ओढते. रिकामी जागा नसेल तर बढतीही नाही. मुदतीनं आपोआप बढती मिळणाऱ्या नोकऱ्यांना पहिली पद्धत बरी. जागा ठरलेल्या आहेत अशा बँका, कारखाने, सरकारी खाती यांना दुसरी. 'मार्कोव्ह विश्लेषणाच्या मर्यादा लिहा' या प्रश्नाला 'भविष्य अनिश्चित असतं' असं लिहिणाऱ्यांपेक्षा हा एक मुद्दा नीट लिहिणाऱ्याला परीक्षक जास्त गुण देतात, आणि द्यावेतच.

तक्त्यात आणखी एक सापळा आहे, आणि तो गळतीच्या दरात आहे. क्लार्कांची गळती १५ टक्के धरली आहे. ४०० पैकी ६० जण जातात. पण कोण जातात? लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी १९५० मध्ये दाखवून दिलं, की नोकरी सोडण्याचं प्रमाण सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त असतं, मग उतरत जातं आणि रुळलेली माणसं फारशी हलत नाहीत. त्यांनी या तीन टप्प्यांना दिलेली नावं परीक्षेत विचारली जातात, पण नावांपेक्षा त्यांचा परिणाम मोठा आहे.

समजा त्या ४०० पैकी १०० क्लार्क गेल्या वर्षभरात लागलेले होते आणि ३०० जुने. सोडून गेलेल्या ६० पैकी ३६ नवे आणि २४ जुने. म्हणजे नव्यांची गळती ३६ टक्के, जुन्यांची फक्त ८ टक्के. १५ टक्के हा दोघांची सरासरी असलेला आकडा आहे, तो कुणाचाच नाही. आता आपण ठरवलं, की यंदा बाहेरून भरती शून्य. मग वर्षअखेर उरलेल्या ३०० क्लार्कांत वर्षाच्या आतला एकही नसेल. त्यापुढच्या वर्षी तक्ता १५ टक्क्यांनी ४५ जण जातील असं सांगेल, प्रत्यक्षात ८ टक्क्यांच्या हिशेबानं २४ च्या आसपास जातील. २१ क्लार्क जे जाणार म्हणून धरले होते, ते जागेवरच असतील. भरती थांबवण्याच्या निर्णयानंच गळतीचा दर खाली आणला. उलटं, मोठी भरती केली की गळती वाढते आणि व्यवस्थापन 'आजकालची पोरं टिकत नाहीत' म्हणून कपाळाला हात लावतं. पोरं तीच असतात, नव्यांचं प्रमाण वाढलेलं असतं.

हे ओळखायचं कसं? गळतीच्या दरासोबत स्थैर्य निर्देशांक काढायचा. वर्षापूर्वी जेवढी माणसं होती, त्यांपैकी आज किती आहेत याची टक्केवारी. गळती जास्त आणि स्थैर्यही जास्त दिसलं, तर त्याच त्या थोड्या जागा पुन्हा पुन्हा रिकाम्या होत आहेत असं समजायचं. ६० राजीनामे म्हणजे ६० वेगवेगळ्या खुर्च्या असतीलच असं नाही. ३० खुर्च्या वर्षात दोनदा रिकाम्या झालेल्या असू शकतात.

मॅनेजरांच्या ओळीत तर दर वापरूच नये असं माझं मत आहे. ४० माणसांचे २० टक्के म्हणजे ८. एवढ्या छोट्या गटात प्रत्यक्ष आकडा ५ येऊ शकतो, ११ ही येऊ शकतो, आणि दोन्ही वेळा काही वेगळं घडलेलं नसतं. मार्कोव्ह वापरायचं तर प्रत्येक पदावर निदान ५० माणसं असावीत असा साधारण संकेत आहे, तो याचसाठी. शिवाय मॅनेजरांपैकी निवृत्त कोण होणार हे संभाव्यतेनं काढायची गोष्टच नाही. जन्मतारखा दप्तरात आहेत.

इथून उत्तराधिकारी नियोजन सुरू होतं. आकड्यांनी सांगितलं की १३ अधिकारी मॅनेजर व्हायला हवेत. ते १३ कोण? पाठ्यपुस्तकात या ठिकाणी 'स्किल इन्व्हेंटरी' हा शब्द येतो. म्हणजे प्रत्येकाचं शिक्षण, केलेली कामं, उत्तीर्ण केलेल्या परीक्षा आणि बदलीची तयारी यांची नोंदवही. आपल्या बँकेत ती चाळून पाहू. १०० अधिकाऱ्यांपैकी १५ जाणार, ८५ राहिले. शाखा चालवायची तर कर्जाची छाननी आली पाहिजे. किमान तीन वर्षं कर्ज विभागात काढलेले ३० निघाले. नव्या शाखा दुसऱ्या तालुक्यांत आहेत. तिकडं जायला तयार १८. त्यांतले सहा जण दोन वर्षांच्या आत निवृत्त होणार, त्यांना नव्या शाखेत बसवलं तर दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा. उरले १२.

मागणी १३, पुरवठा १२. तक्त्यात ८५ दिसत होते.

खालच्या पायरीवर हेच ४० क्लार्कांचं. दरवर्षी २० जण अधिकारी होत आले आहेत, म्हणजे बढतीचा वेग एकदम दुप्पट करायचा आहे. पात्रता परीक्षा दिलेले तेवढे आहेत का? आणि बढती देऊ केली तर घेणार किती? बँकांत बदली नको म्हणून बढती नाकारणारे क्लार्क सर्रास आढळतात. घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा सोडून दोनशे किलोमीटरवर जाण्यापेक्षा त्यांना काउंटर बरा वाटतो. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर आहे. नियोजनाच्या गणितात मात्र 'पात्र' आणि 'तयार' हे दोन वेगळे रकाने ठेवावे लागतात. चाळीसपैकी दहांनी नकार दिला, तर १० अधिकारी बाहेरून घ्यावे लागतील आणि त्याच वेळी १० क्लार्क जास्त असतील. एकूण बेरजेनं सांगितलेलं शून्य तिथं संपलं.

ही कामं दाखवण्यासाठी कंपन्या 'रिप्लेसमेंट चार्ट' काढतात. प्रत्येक महत्त्वाच्या पदाची चौकट, तिच्याखाली संभाव्य वारसांची नावं, आणि पुढं शेरा: आत्ता तयार, एक-दोन वर्षांत तयार, अजून वेळ आहे. परीक्षेत रिप्लेसमेंट आणि सक्सेशन यांतला फरक हमखास विचारतात. पहिल्यात उद्या हा माणूस आला नाही तर त्याच्या जागी कोण, एवढंच पाहतात. दुसऱ्यात तीन वर्षांनी त्या जागेचं कामच काय असेल आणि त्यासाठी आजपासून कुणाला कुठल्या कामावर टाकायचं, हे ठरवतात. आपल्या बँकेत तेराव्या मॅनेजरसाठी ठेव विभागातल्या एखाद्या हुशार अधिकाऱ्याला आज कर्ज विभागात हलवलं, तर तो तयार व्हायला तीन वर्षं लागतात. म्हणजे यंदाचा तुटवडा तीन वर्षांपूर्वी झालेला आहे.

चार्टची एक साधी चाचणी आहे, ती फार कमी ठिकाणी केली जाते. चौकटी मोजू नका, वेगवेगळी नावं मोजा. आपल्या बँकेच्या ४५ चौकटींखाली नाव लिहिलेलं आहे, एकही रिकामी नाही. पण नावं तीच बारा, आलटून पालटून. एकच अधिकारी चार-चार शाखांचा वारस म्हणून दाखवला आहे. एक शाखा रिकामी झाली तर चार्ट उत्तम चालतो. पाच नव्या शाखा आणि आठ जुन्या एकदम मोकळ्या झाल्या, की तो उघडा पडतो.

आणि भरपूर वारस असले म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या जागी कोण, याची तयारी अनेक वर्षं चालली होती. शेवटी तिघं उरले: जेफ्री इमेल्ट, रॉबर्ट नार्डेली आणि जेम्स मॅकनर्नी. नोव्हेंबर २००० मध्ये इमेल्ट यांचं नाव जाहीर झालं. काही दिवसांतच नार्डेली होम डेपोचे प्रमुख झाले आणि मॅकनर्नी थ्रीएमचे. एका जागेची निवड झाली, तर दोन मोठे विभाग चालवणारी माणसं गेली. पुरवठ्याच्या तक्त्यात ही गळती कुठल्याही जुन्या दरानं आली नसती, कारण ती निवडीमुळेच घडली. म्हणून वरच्या पदांचं नियोजन करताना 'निवड न झालेल्यांच्या जागी कोण' हा रकानाही लागतो.

आपल्याकडे कायद्यानं यात थोडं लक्ष घातलं आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ नुसार प्रमुख व्यवस्थापकीय पद रिकामं झालं तर संचालक मंडळानं ते सहा महिन्यांत भरायचं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीनं २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी आणि वित्त प्रमुख या पदांसाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत घालून दिली. उत्तराधिकाराच्या योजना तयार आहेत याची खात्री करून घेणं हे तर सेबीच्या नियमांत मंडळाचंच काम आहे. शाखा मॅनेजरच्या खुर्चीसाठी मात्र असा कुठला नियम नाही, आणि ग्राहकाची गाठ पडते ती त्या खुर्चीशी.

तेव्हा परीक्षेत असा प्रश्न आला तर तक्ता सोडवा, पदनिहाय फरक मांडा, वरून खाली साखळी लावून दाखवा, आणि तिथं थांबू नका. गळतीचा कुठला दर धरला आणि भरती थांबली तर तो का बदलेल, हे एका वाक्यात लिहा. आणि पदवी घेऊन एखाद्या बँकेच्या किंवा कारखान्याच्या एचआर विभागात पहिल्या दिवशी बसाल, तेव्हा मॅट्रिक्स काढण्याआधी पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची जन्मतारखेनुसार यादी मागवा. ती तासाभरात तयार होते, आणि ती मागणारे तुम्हीच पहिले असण्याची बरीच शक्यता आहे.